मेलेलं जनावर फाडू नका

पत्रिकेत ‘जिवाणूची पेशीरचना’ असं छापलंय, म्हणजे तुम्हाला ती पाठ्यपुस्तकातली आकृती अपेक्षित असणार: लंबगोल पेशी, अंगभर केस, बाणांपुढे नावं, पाच गुण. त्या आकृतीवर माझा जुना राग आहे. तिच्यात सगळं एकदम असतं. कुठला भाग केव्हा कामाला येतो, एवढंच नसतं.

म्हणून आज एकच जिवाणू, बॅसिलस अँथ्रॅसिस. गुरांमधली फाशी, माणसातली काळपुळी. रात्री धडधाकट असलेली गाय सकाळी दावणीला मेलेली, नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त. अशा वेळी शवविच्छेदन करायचं नाही. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायचं, काचपट्टीवर पसरून पॉलिक्रोम मिथिलीन ब्लूने रंगवायचं. चौकोनी टोकांच्या निळ्या कांड्या दिसतात, त्यांच्याभोवती गुलाबी, दाणेदार कडा. ती कडा म्हणजे कॅप्सूल. ग्लुटामिक आम्लाच्या या आवरणामुळे पांढऱ्या पेशींना जिवाणू गिळता येत नाही. प्रयोगशाळेत उघड्या हवेत, साध्या आगरवर वाढवलात तर तो कॅप्सूल बनवतच नाही. तिथे खाणारं कोण आहे? (हशा)

आता, फाडायचं का नाही? बंद शवात ऑक्सिजन संपतो आणि कुजवणारे जिवाणू या कांड्यांना काही दिवसांत मारतात. सुरी लागली की रक्ताला हवा मिळते आणि कांडीच्या आत एंडोस्पोअर, म्हणजे जिवाणूचं कठीण काळ काढणारं सुप्त रूप, तयार होतो. त्याच्या गाभ्यात पाणी फार कमी, डायपिकोलिनिक आम्ल आणि कॅल्शियम भरपूर, बाहेर प्रथिनांचे थर. मग उन्हाचं, दुष्काळाचं त्याला काही नाही. स्कॉटलंडच्या ग्रुनार्ड बेटावर 1942 मध्ये मेंढ्यांवर या स्पोअरची युद्धचाचणी झाली. माती 1986 मध्ये समुद्राच्या पाण्यात फॉर्मल्डिहाइड मिसळून धुवावी लागली, बेट सुरक्षित जाहीर झालं 1990 मध्ये!

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. बरं, उरलेलं धावत. पिलाय म्हणजे चिकटण्याचे केस. ते बघायला मूत्रमार्गात चिवटपणे टिकणारा ई. कोलाय घ्या. न्यूक्लिऑइड म्हणजे पडद्याविना गुंडाळून ठेवलेला मुख्य डीएनए. स्पोअरमध्ये छोटी प्रथिनं त्याला चिकटून बसतात, म्हणून अतिनील किरणांनीही तो सहज बिघडत नाही.

प्लाझ्मिड, म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळी असलेली डीएनएची छोटी वर्तुळं, मात्र सोडवत नाहीत. फाशीच्या विषाची जनुकं pXO1 या प्लाझ्मिडवर, कॅप्सूलची pXO2 वर. 1930 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्न यांना कॅप्सूल नसलेला वाण मिळाला. त्याच्यात pXO2 नव्हता. गुरांची लस आजही त्याच वाणाची, जिवंत स्पोअरची. म्हणून लस टोचण्याच्या आगेमागे त्या जनावराला प्रतिजैविक देऊ नका. लसीतला जिवाणूच मरतो आणि टोचणी फुकट जाते.