रंगकामानंतर फरशीवरचे आणि काचेवरचे डाग

नमस्कार श्रोतेहो. घराला रंग देऊन झाला, भिंती छान दिसतात आणि मग नजर जाते खाली. फरशीभर शिंतोडे, खिडकीच्या काचांवर ठिपके. तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा: आधी भिजवा, मग खरवडा. कोरडं काहीही घासू नका.

रंग कुठला सांडलाय हे ओळखणं सोपं आहे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून डागावर अर्धा मिनिट दाबून धरा. बोळ्याला रंग लागला, डाग चिकट झाला, तर तो भिंतीचा पाण्यातला रंग, म्हणजे डिस्टेंपर किंवा प्लास्टिक पेंट. काहीच फरक पडला नाही, तर बहुधा दारं-खिडक्यांचा ऑईलपेंट.

आता माझ्या मामींची गोष्ट सांगतो. सांगलीला त्यांचं जुनं घर आहे, हॉलमध्ये मोझाइकची फरशी. उन्हाळ्यात त्या फरशीवर नुसतं आडवं झालं तरी जीव थंड होतो. लोक चांगली मोझाइक उखडून वर चकचकीत टाईल्स का बसवतात, हे मला आजवर कळलेलं नाही. असो. दिवाळीच्या तोंडावर रंगकाम संपलं. फरशीवर सगळीकडे पांढरे थेंब, आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे. रंगाऱ्याच्या हाताखालचा पोरगा ॲसिडची बाटली घेऊन आला. "मामी, पाच मिनिटांत फरशी लख्ख करून देतो." मामी म्हणाल्या, "आधी दारामागच्या कोपऱ्यात कर बाबा, मला बघू दे."

त्यानं कोपऱ्यातल्या एका थेंबावर ॲसिड टाकलं. फस्सकन फेस आला. पोरगा खूश, म्हणाला, "बघा, रंग सुटतोय!" मामींनी त्यावर पाणी ओतून घेतलं, फेस धुतला आणि वाकून बघितलं. रंगाचा थेंब जसाच्या तसा होता! खरखरीत झाली होती ती त्याच्या भोवतालची फरशी. मोझाइकमध्ये संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं, ॲसिड खातं ते त्यांना. वाळलेल्या रंगाला ते जवळजवळ काहीच करत नाही. म्हणजे फरशी जाते आणि डाग राहतो. मामींनी बाटली बाहेर ठेवायला लावली आणि जुन्या सुती साड्या काढल्या.

कोमट पाण्यात भांड्यांचा साबण कालवला, फडकी त्यात भिजवून डागांवर अंथरली आणि सगळ्यांना चहाला बसवलं. वीस मिनिटांनी फडकं उचललं तर थेंबाच्या कडा फुगून वर आल्या होत्या. मामींनी पोराच्या हातात जुनं एटीएम कार्ड दिलं. कार्ड फरशीला अगदी टेकवून, आडवं धरून ढकललं की थेंब सालीसारखा निघायचा. निघाला नाही तर जोर करायचा नाही, पुन्हा फडकं ठेवायचं. सांध्यांत जुना टूथब्रश. चौकटीखाली ऑईलपेंटचे ठिपके होते, तिथे पाण्याचा उपयोग नव्हता. तिथे चिंधीला टर्पेंटाइन लावून डागावर दाबून ठेवलं, मग टिपून घेतलं आणि लगेच साबणाच्या पाण्यानं पुसलं. टर्पेंटाइन ओतायचं नाही, कारण विरघळलेला रंग मोझाइकच्या बारीक छिद्रांत उतरतो. रात्री उशिरापर्यंत हॉल साफ झाला. दारामागचा तो खरखरीत ठिपका अजून आहे. मामी नव्या रंगाऱ्याला कामाआधी तो दाखवतात.

वेळ कमी उरलाय, तेव्हा काचेचं पटकन सांगतो. इथेही तेच, आधी भिजवा. पहिल्यांदा काच धुऊन घ्या, कारण तिच्यावर लांबीची आणि सिमेंटची धूळ असते आणि ओरखडे तीच पाडते. मग साबणाचं पाणी भरपूर लावा. हार्डवेअरच्या दुकानात मुठीचं खरवडायचं पातं मिळतं. नवं कोरं पातं काचेला कलतं धरून एकाच दिशेनं पुढे ढकला. मागे ओढू नका, कारण सुटलेला कण पात्याखाली अडकतो. उचला, पुसा, पुन्हा पुढे. काच वाळायला लागली की परत पाणी. करकर आवाज आला तर तिथेच थांबा. गंजलेलं पातं आणि तारेचा चोथा काचेला लावूच नका. काचेवर उन्हाची फिल्म चिकटवलेली असेल तर पातंही नको, नुसतं भिजवून मऊ कापडानं काढा. कडक केलेल्या काचेवर, म्हणजे टफन्ड ग्लासवरही पातं टाळा. तिच्या पृष्ठभागावर कधी बारीक कण चिकटलेले असतात, ते पात्यानं फरफटतात आणि काचभर रेघा उठतात.

आणि टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या, गॅस बंद. ऑईलपेंट पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या अंगणात किंवा गॅलरीत सुट्या पसरून पूर्ण वाळू द्या, मगच कचऱ्यात टाका. नमस्कार.