या, बसा, आणि मग प्रश्न

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या ठाण्यात, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत, पाहुणा दारापर्यंत पोचतो तेव्हा त्याची निम्मी उलटतपासणी झालेली असते. कोणाकडे जायचंय, फ्लॅट कुठला, वहीत नाव लिहा, आणि वॉचमन इंटरकॉमवर विचारतो, "पाठवू का?" म्हणूनच, दारात तरी त्याला प्रश्न नकोत.

समजा, मे महिन्यातली दुपार आहे आणि साताऱ्याहून मामा आलेत. आधी एसटी, मग रिक्षा. बेल वाजली. सेफ्टी डोअरची कडी काढता काढताच म्हणायचं, "या मामा, या या." हा "या" जाळीपलीकडून कानावर पडला पाहिजे. दार अर्धं उघडून, हात कडीवर ठेवून "अरे, तुम्ही? आज इकडे कुठे?" असं कितीही हसून विचारलं, तरी मामा चपला काढायच्या की नाही, या विचारात बाहेरच उभे राहतात. दार पूर्ण उघडा, पिशवी हातातून घ्या, पंखा लावा आणि "बसा" म्हणा. पण सोफ्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग असेल, तर तो आधी उचला. नाहीतर मामा कडेला टेकतात, बसत नाहीत.

मग पाणी. इथे बहुतेक घरांत एक वाक्य आडवं येतं: "पाणी घेणार का?" आपल्याकडचा पाहुणा यावर "नको, नको, राहू दे" असंच म्हणणार, घसा कोरडा पडला असला तरी. पाणी न विचारता आणायचं. पेला काठोकाठ भरू नका, काठाला बोटं लावू नका, आणि उन्हातून आलेल्याला एकदम फ्रिजमधलं गार देऊ नका, माठातलं चालेल. सोबत गुळाचा खडा दिला तर उत्तम. आणि मला विचाराल तर ट्रेमधल्या ग्लासांपेक्षा जुनं तांब्या-भांडं बरं. तांब्या समोरच असला की दुसरं भांडं माणूस आपलं आपण ओतून घेतो, मागायचा संकोच राहत नाही.

भांडं खाली ठेवलं, मामांनी रुमालानं मान पुसली, की मग विचारा: प्रवास कसा झाला, मामी कशा आहेत, किती दिवस राहणार? हा शेवटचा प्रश्न तर चहानंतरच. दारात विचारला, तर मामांना वाटेल, परतीची गाडी आत्ताच बघावी की काय.

कुरिअरवाल्याचं मात्र वेगळं. त्याला "बसा" म्हटलं तर तोच गोंधळेल. लिफ्ट अडवून आलेला असतो बिचारा. त्याला विचारायलाच हवं, "दादा, पाणी देऊ?" तो "द्या" म्हणतो आणि उभ्याउभ्या, वरून, घटाघटा पितो.