कॉफी केक कडू का लागतो? एगलेस केक आणि ब्राउनीत इन्स्टंट कॉफी घालण्याची नीट पद्धत

नमस्कार मंडळी.

आज आधी हा तुकडा बघा. (कॅमेरा जवळ.) अंड्याशिवायचा कॉफी केक आहे. जाळी छान पडलीये, रंगही सुंदर आलाय. पण मधेमधे हे काळपट ठिपके दिसतायत? चॉकलेट चिप्स नाहीत हं त्या. न विरघळलेली कॉफी आहे. हा घास तोंडात गेला की पहिल्यांदा गोड लागतो, मग एकदम एक कडू ठिणगी लागते आणि ती चव घशाशी बसून राहते.

अगदी असाच केक मी आईच्या साठीला केला होता. आईने पूर्ण तुकडा संपवला आणि काही न बोलता पाणी मागितलं. मला वाटलं, कॉफी जास्त झाली. पुढच्या वेळी निम्मी घातली. तरी कडू! मग कळलं की ‘कडू’ या एका शब्दात आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी घालतो. त्या तीन ओळखता आल्या तर कॉफी कमी करायची गरजच पडत नाही.

म्हणून आज आधी ओळखायचं कसं ते सांगते, मग केक करू.

पहिला कडूपणा कॉफीच्या कणांचा. तो ठिपक्याठिपक्याने लागतो. एक घास बरा, दुसरा कडू. दुसरा कडूपणा सोड्याचा. तो सगळीकडे सारखा असतो, त्याला साबणासारखी चव असते आणि घास गिळल्यानंतर जास्त जाणवतो. तिसरा करपण्याचा. त्यासाठी केकची कड आणि तळ कापून बाजूला ठेवायचा आणि फक्त मधला गर खाऊन बघायचा. मधला गोड आणि कडा कडू असल्या, तर दोष कॉफीचा नाही, ओव्हनचा आहे.

माझ्या दुसऱ्या केकमध्ये सोडा होता. कॉफी निम्मी करून काहीच उपयोग नव्हता, कारण कॉफी गुन्हेगार नव्हतीच.

आता कॉफीची बाटली. (बाटलीचं लेबल दाखवायचं.) मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. नुसती कॉफी आहे की कॉफी-चिकोरीचं मिश्रण? आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि चिकोरी किती आहे ते पाकिटावर छापावं लागतं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. दुधाच्या कॉफीत ती छान लागते, कॉफीला दाटपणा देते. पण केकमध्ये तिचा भाजका कडवटपणा शेवटी एकटाच उरतो आणि कॉफीचा वास मात्र कमी पडतो. मग आपण अजून एक चमचा घालतो आणि कडूपणा आणखी वाढतो. बेकिंगसाठी नुसत्या कॉफीची बाटली घ्या. आणि फिल्टर कॉफीची पूड तर नकोच. ती विरघळत नाही, दाताखाली रवाळ लागते.

बाटलीत दमट हवा जाऊन पावडरचा खडा झाला असेल तर तो तसाच केकमध्ये घालू नका, आधी तपासा. पाण्यात विरघळवून एक थेंब जिभेवर ठेवा. वास उडालेला असेल आणि नुसतं कडू लागलं, तर केकमध्येही तसंच लागणार.

चला, केक. सात इंची गोल टिनसाठी प्रमाण सांगते. कप म्हणजे २४० मिलीचा.

एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप बिनवासाचं तेल, दीड कप मैदा, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, पाव चमचा मीठ. आणि इन्स्टंट कॉफी तीन चमचे, सपाट. चमचा म्हणजे मापाचा छोटा चमचा, ५ मिलीचा. शिगोशीग भरला तर दीडपट कॉफी जाते, म्हणून वरून सुरी फिरवून सपाट करा.

कॉफी वाटीत घ्या आणि तिच्यावर दीड मोठा चमचा गरम पाणी घाला. (वाटी जवळून.) हे बघा, आधी चिखलासारखं होतं, मग ढवळत राहिलं की चकचकीत, सिरपसारखं. चमच्याच्या मागच्या बाजूवर पसरवून बघा. एकही कण दिसला नाही पाहिजे. इन्स्टंट कॉफी म्हणजे आधीच उकळून, गाळून, वाळवलेली कॉफी. तिला परत उकळायची काही गरज नाही, फक्त विरघळवायची. पण विरघळते ती पाण्यात किंवा दुधात. तेलात किंवा वितळलेल्या बटरमध्ये नाही. कोरड्या मैद्यात मिसळली तर पीठ घट्ट असतं, प्रत्येक कणापर्यंत ओलावा नीट पोचत नाही, आणि आपले ते ठिपके तयार.

आता दही. इथे थोडं थांबते, कारण अंड्याशिवायच्या केकचं सगळं गणित दह्यावर आहे. अंडं नाही म्हणून केक फुगवायला आपण सोडा घालतो. सोडा दह्याच्या आंबटपणाशी भिडतो, बुडबुडे होतात, केक फुगतो. एक कप आंबटसर दह्याला अर्धा चमचा सोडा पुरतो. पण दही सकाळीच विरजलेलं, गोड असेल, तर तेवढा आंबटपणाच नसतो. उरलेला सोडा केकमध्येच राहतो आणि तोच साबणासारखा लागतो. शिवाय केक आतून जरा जास्तच तपकिरी होतो. कॉफीच्या केकमध्ये ते लक्षात येत नाही, आपल्याला वाटतं रंग कॉफीचा आहे. म्हणून एक दिवसाचं, चमच्याने खाल्लं तर जिभेला जरा टोचेल असं दही घ्या. गोडच दही असेल तर त्यात एक चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला. सोडा वाढवू नका, ‘चांगला फुगू दे’ म्हणून चिमूटभरसुद्धा नको.

कंडेन्स्ड मिल्कचा केक करत असाल तर हाच विचार. त्यात आंबट काहीच नसतं, म्हणून काम मुख्यतः बेकिंग पावडरकडे द्या आणि सोडा घालायचा असेल तर सोबत एक मोठा चमचा व्हिनेगर हवं.

दही आणि साखर फेटून घ्या, साखर विरघळेपर्यंत. त्यात मीठ आणि कॉफीचं पाणी. आता थांबा आणि चाखून बघा. (चमचा तोंडात.) मैदा नाही, सोडा नाही, म्हणजे चाखायला काहीच हरकत नाही. चव कशी हवी? कोल्ड कॉफीपेक्षा जरा गडद आणि जरा जास्त गोड. आत्ताच कडू लागत असेल तर एक-दोन चमचे साखर वाढवा, कारण पुढे मैदा पडल्यावर गोडी कमीच वाटणार आहे. मीठ मात्र वगळू नका. पाव चमच्याने केक खारट होत नाही, पण मीठ कडूपणा दाबतं. हवं तर मीठ घालायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा चाखा, फरक जिभेला लगेच कळतो.

मग तेल घालून फेटा. मैदा, बेकिंग पावडर आणि सोडा एकत्र दोनदा चाळा. सोड्याची छोटी गाठ राहिली तर तिथेही तपकिरी ठिपका पडतो आणि तोही कडू लागतो. मग आपण परत कॉफीला नावं ठेवतो. चाळलेलं पीठ हलक्या हाताने मिसळा आणि लगेच टिनमध्ये घालून तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवा. मिश्रण ओट्यावर ताटकळत ठेवू नका.

१७० अंशांवर ३५ मिनिटांच्या आसपास. पण हा केक रंगावर ओळखायचा नाही. साधा केक सोनेरी झाला की आपण काढतो. हा कच्चा असतानाच तपकिरी असतो, त्यामुळे कधी झाला ते डोळ्यांना कळत नाही आणि आपण पाच मिनिटं जास्त ठेवतो. तीच पाच मिनिटं कडा करपवतात. २८व्या मिनिटाला सळई घालून बघा. एक-दोन ओलसर कण चिकटले तर आणखी तीन मिनिटं. कोरडी आली की काढा. तुमच्या ओटीजीचा वरचा रॉड जवळ असेल तर २० मिनिटांनंतर वर फॉइल झाका.

आता ब्राउनी. तिथे कॉफीचं काम वेगळं आहे. केकमध्ये कॉफी हीच चव असते, ब्राउनीत ती चॉकलेटच्या मागे उभी असते. कोको आणि डार्क चॉकलेट दोन्ही स्वतःच कडवट, त्यावर तीन चमचे कॉफी गेली तर सोसणार नाही. १०० ग्रॅम डार्क चॉकलेट, ८० ग्रॅम बटर, १५० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम कोको आणि अर्धा कप दही, एवढ्याला एकच सपाट चमचा कॉफी. ब्राउनीला फार फुगायचं नसतं, म्हणून सोडा नकोच, अर्धा चमचा बेकिंग पावडर बास.

आणि इथे एक मोठा धोका. कॉफीचं चमचाभर पाणी थेट वितळलेल्या चॉकलेटमध्ये ओतलं की चॉकलेट क्षणात घट्ट होतं, वाळूच्या गोळ्यासारखं. (भांडं दाखवायचं.) असं. म्हणून कॉफी तीन मोठे चमचे कोमट दुधात विरघळवा आणि ते दूध दह्यात मिसळा. चॉकलेट-बटर कोमट झालं की त्यात साखर आणि हे दही-दूध सगळं एकदम घाला, मग चाळलेला मैदा, कोको, बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ. १७० अंशांवर सात इंची चौकोनी टिनमध्ये साधारण २५ मिनिटं. मध्यभागी सळईला ओला गर लागलेला असतानाच बाहेर काढा, थंड होताना ती बसते.

आणि केक कडू झालाच असेल तर? करपलेल्या कडा कापून टाका आणि वरून कोमट दुधात पातळ केलेलं थोडं कंडेन्स्ड मिल्क ब्रशने मुरवा. कॉफी जास्त पडली असेल तरीही हाच उपाय, कारण दूध कडूपणा मऊ करतं. पण साबणाची चव असेल, म्हणजे सोडा उरला असेल, तर त्यावर काहीही मुरवून ती जात नाही. तो केक सोडून द्या आणि दह्याचं भांडं आज रात्री बाहेर ठेवा.