चाळीस मुलांचे दहा गट

खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीचा असा वर्ग असतो : पट चाळीस, बाके वीस, एका बाकावर दोघे. पुढच्या बाकावरची मुले मागे वळून बसली की चौघे समोरासमोर येतात आणि एकही बाक न सरकवता दहा गट तयार होतात. गट पाच-सहा जणांचा केला, तर कडेला बसलेल्याला वही दिसत नाही आणि तो खिडकीबाहेर पाहू लागतो.

गट मुलांवर सोपवले, तर एका गल्लीतली, एका वाडीतली मुले एकत्र येतात. म्हणून बाई त्याच घटकाच्या छोट्या चाचणीवरून चाळीस जणांचा क्रम लावतात. हा क्रम मुलांना मात्र दाखवायचा नसतो. पहिले दहा डावीकडून उजवीकडे मांडायचे, पुढचे दहा उजवीकडून डावीकडे, आणि असेच आणखी दोन वेळा. त्यामुळे पहिल्या गटात १, २०, २१ आणि ४० हे क्रमांक येतात, चौथ्यात ४, १७, २४ आणि ३७, आणि कोणताही गट जड किंवा हलका होत नाही.

यानंतर हाताने थोडी अदलाबदल करावी लागते. चौथ्या गटात तीन मुलगे आणि एकच मुलगी आली, तर २४ आणि २५ या क्रमांकांची जागा बदलता येते, कारण दोघांची तयारी जवळपास सारखीच असते. ज्यांच्या घरी कन्नड बोलतात, अशी मुलेही एकेकटी विखरू नयेत. दोघे एका गटात असले की अडलेला शब्द एकमेकांना विचारतात आणि मग मराठीत मांडतात.

एवढे करूनही एक अडचण उरते. अशा गटात पुढे असलेले मूल मागे असलेल्याला समजावत बसते आणि मधली दोन मुले नुसती ऐकत राहतात. भूमिका वाटून द्याव्या लागतात त्या मुख्यतः या दोघांसाठी.

क्षेत्रफळाचा तास घेऊ. गुंठा या मुलांच्या घरचाच असतो : ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. प्रत्येक गटाला एका शेताचा पुठ्ठ्याचा तुकडा मिळतो; त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे ६ फूट. मापक पट्टीने मोजतो, नोंदकर्ता लिहितो, तपासनीस उत्तर दुसऱ्या रीतीने पडताळतो आणि निवेदक वर्गाला सांगतो. चौथ्या गटाचा तुकडा साडेसोळा बाय अकरा सेंटिमीटर भरला, म्हणजे शेत ९९ बाय ६६ फूट. घाईत कुणी चारही बाजूंची बेरीज करून ३३० काढली आणि तिला ३३ ने भागले, की ‘दहा गुंठे’ असे स्वच्छ उत्तर येते. बाकी उरत नाही, म्हणून शंकाही येत नाही. अशा वेळी तपासनीस साडेपाच सेंटिमीटरचा चौकोन, म्हणजे एक गुंठा, पुठ्ठ्यावर ठेवून पाहतो : लांबीत तीन, रुंदीत दोन, एकूण सहा. हे काम त्या दिवशी सतराव्या क्रमांकाच्या मुलीकडे असेल, तर गटातल्या चौथ्या क्रमांकाच्या मुलालाही तिचे ऐकावे लागते.

दर आठवड्याला भूमिका एक घर पुढे सरकते आणि चार आठवड्यांत प्रत्येकाच्या वाट्याला चारही कामे येतात. तक्ता भिंतीवर लावलेला बरा, नाही तर सुबक अक्षराच्या मुलीकडे लेखन आणि मोठ्या आवाजाच्या मुलाकडे निवेदन कायमचे जाते. “बाई, ह्याचं अक्षर लागत नाही, मी लिहू काय?” अशी विचारणा हमखास होते. बाईंनी नाही म्हणावे. हवे तर इतरांनी शब्द सांगावेत, पण पेन त्याच्याच हातात राहावे. फेरपालट खरोखर झाली की नाही, हे गटाच्या चार कागदांवरून कळते : चार आठवड्यांची अक्षरे चार वेगवेगळी असायला हवीत.

सुगीच्या दिवसांत हजेरी घसरते. गटात तिघे उरले, तर मापकाने तपासणीही करू नये, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. त्याने निवेदन घ्यावे. दोघेच उरले, तर त्यांना दोन वेगळ्या तिघांच्या गटांत बसवावे. गैरहजर मुलाची चुकलेली पाळी तक्त्यावर गोल करून ठेवावी आणि पाचव्या आठवड्यात द्यावी. त्यानंतरच गट मोडून नवी चाचणी घ्यावी.

ज्या मुलाला अजून ओळ वाचता येत नाही, त्याचे वाचन मात्र अशा गटात सुधारत नाही, कारण दुसरा कुणीतरी चटकन वाचून टाकतो. त्याच्यासाठी सारख्या तयारीच्या मुलांचा वेगळा छोटा गट आणि बाईंची वेगळी वीस मिनिटे लागतात.