मांजर बोटाला चावलं तर

एक केस सांगतो, मग सगळं त्याच्यावरूनच बोलू. चाळीशीतल्या एक बाई, पार्किंगमधल्या मांजरीला दूध घालताना ती उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चावली, दोन बारीक छिद्रं, रक्त जेमतेम थेंबभर. त्यांनी हळद दाबली, वर घट्ट पट्टी बांधली आणि झोपल्या. सकाळी बोट सुजून ठणकत होतं.

मांजराचे दात सुईसारखे असतात, म्हणजे जखम वरून लहान पण आत पार स्नायूच्या दोरीपर्यंत, आणि लाळेतला पाश्चुरेला नावाचा जंतू तिथे 12 ते 24 तासांत सूज आणतो. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की घाण आतच राहते. मी बोट सरळ करायला गेलो तर बाई ओरडल्याच, बोट अर्धवट वाकलेलं, सबंध फुगलेलं, तळव्याच्या बाजूने दाबलं की दुखतंय. ही लक्षणं म्हणजे दोरीच्या आवरणात पू, गोळ्या घेऊन बघू म्हणायची वेळ गेलेली असते. घरात उरलेली सेफॅलेक्सिन तर या जंतूवर नीट चालतही नाही.

माणसाचा चावा पण असाच फसवतो बरं का. भांडणात मुठीवर समोरच्याचा दात लागतो, मूठ उघडली की दोरी मागे सरकते आणि सांध्यापर्यंत गेलेलं छिद्र झाकलं जातं, वरून नुसतं खरचटलेलं वाटतं. तिथे रेबीजची भीती जवळपास नाही, पण सांधा सडू शकतो, म्हणून ती जखम त्याच दिवशी दाखवा.

तर करायचं काय? अंगठी आधी काढा, सूज आली की निघत नाही. नळाखाली साबण लावून 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून, कारण 2 मिनिटांनाच आपल्याला खूप वाटतं. मग बीटाडीन. चुना, मिरची, हळद काही नको. टाके शक्यतो घालायचे नाहीत, घालावेच लागले तर रेबीजविरोधी सीरम जखमेत भरल्यानंतर.

आता हे सीरम, म्हणजे रेबीजशी लढणारी तयार प्रतिपिंडं, लोकांना माहीतच नसतं. कातडी फाटून रक्त आलं म्हणजे रेबीजच्या धोक्याची तिसरी, सगळ्यात गंभीर श्रेणी, त्यात लस एकटी पुरत नाही, कारण लसीने शरीरात ताकद तयार व्हायला 7 ते 14 दिवस जातात आणि हातात नसा इतक्या दाट की विषाणूला वाट सोपी. तेवढे दिवस सांभाळायला सीरम, ते जखमेतच भरतात, बोटात जागा कमी म्हणून मावेल तेवढंच, जोर केला तर रक्तपुरवठा अडकतो. लस त्याच दिवशी सुरू करायची, मांजर ठीक दिसतंय म्हणून थांबायचं नाही. दंडात कातडीत दिली तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी.

त्या बाईंना ऑपरेशन थिएटरात नेऊन आवरण धुवावं लागलं, सीरम, लस, टीटी सगळं दिलं. बोट आता वाकतं, पण मूठ पूर्ण मिटत नाही.