सांगाडा तोच, साज नवा

(दृश्य: अर्धवट इमारतीचा समोरून काढलेला फोटो. उघडे कॉलम, स्लॅबखाली टेकू, एका कोपऱ्यात परांची.)

तीन मजल्यांचा आरसीसी सांगाडा उभा आहे. दर्शनी बाजूला चार कॉलम, म्हणजे तीन गाळे, आणि मधला गाळा दोन्ही बाजूंच्या गाळ्यांपेक्षा रुंद. भिंती अजून आलेल्या नाहीत. मालकाला बघायचंय की पूर्ण झाल्यावर हे कसं दिसेल.

(दृश्य: त्याच फोटोवरून एआयने बनवलेलं चकाचक चित्र.)

फोटो स्टेबल डिफ्यूजनसारख्या साधनाला दिला, ‘आधुनिक निवासी इमारत’ एवढं लिहिलं, आणि काही क्षणांत हे आलं. चित्र देखणं आहे, पण ही ती इमारत नाही.

मोजून बघू. मूळ फोटो चार हजार पिक्सेल रुंद आहे. त्यात कॉलमच्या मध्यांमधली अंतरं 900, 1300 आणि 900 पिक्सेल. एआयचं चित्र त्याच मापाला ताणून मोजलं, तर 1030, 1040, 1030. तिन्ही गाळे सारखे करून टाकलेत. एआयने हजारो इमारती पाहिल्यात आणि त्यातल्या बहुतेकींचे गाळे सारखे असतात. मग यानेही तसेच केले. मधल्या स्लॅबखालच्या टेकूंची त्याने नाजूक खांबांची ओळ केली. गच्चीवर डोकावणाऱ्या कॉलमच्या सळया बघून त्याला वाटलं काम अजून वर जाणार, म्हणून एक मजला फुकटात चढवला.

हे टाळायचं, तर एआयच्या हाती फोटो देण्याआधी आपणच फोटो वाचायला हवा. यात काय राहणार आहे आणि काय जाणार आहे?

(दृश्य: फोटोतून टेकू एकेक करून पुसले जातात.)

टेकू, परांची, सेंट्रिंगच्या फळ्या जाणार. सळयांचा निर्णय आपला: पुढे मजला चढणार नसेल, तर त्या पुसून तिथे कठड्याची रेघ ओढायची. हे कुठल्याही फोटो एडिटरमध्ये होतं. काम कंटाळवाणं आहे, पण बहुतेक लोक नेमकं हेच टाळतात आणि मग सेटिंग्जना दोष देत बसतात.

(दृश्य: काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा.)

आता रेघांचा नकाशा. 2023 साली कंट्रोलनेट आलं आणि एआयला शब्दांसोबत रेखाकृतीही दाखवता येऊ लागली: चित्र हवं तसं रंगव, पण या रेघांना धरून. त्यातली mlsd ही पद्धत फोटोतल्या फक्त सरळ रेघा शोधते, म्हणून इमारतींना ती सोयीची.

पण रेघ कोणाची आहे, हे तिला कळत नाही. उघड्या गाळ्यांतून मागच्या रांगेतले कॉलमही दिसताहेत आणि त्यांच्याही रेघा नकाशात आल्यात. भिंत बांधली की ते झाकले जाणार. त्या रेघा तशाच ठेवल्या, तर एआय मागचे कॉलम ओढून दर्शनी भागात आणतं. म्हणून मागच्या सगळ्या रेघा काळ्या करायच्या. अपवाद एकच: जो गाळा पूर्ण झाल्यावरही उघडा राहणार, तिथल्या ठेवायच्या. उलट, उन्हात कॉलमची एखादी कड पांढरी पडून सुटली असेल, तर ती हाताने ओढायची.

(दृश्य: सेटिंग्जचा पडदा.)

Denoising strength हा आकडा ठरवतो की मूळ फोटो किती मोडायचा. तीनदशांशाच्या आसपास ठेवला, तर काँक्रीट काँक्रीटच राहतं, गिलावा काही चढत नाही. आठदशांशाला गिलावा, काच, रंग सगळं येतं, पण नुसत्या फोटोच्या भरवशावर कॉलम सरकतात. रेघांचा नकाशा जोडला की हा आकडा वर नेता येतो, कारण जागा आता रेघा धरून ठेवतात. रेघांना किती जुमानायचं हे ठरवणारा Control Weight एकच्या जवळ ठेवायचा. एआय चित्र पायरीपायरीने बनवतं. नकाशा मात्र पहिल्या पायरीपासून लागू हवा, कारण चित्राचा ढोबळ सांगाडा सुरुवातीच्या पायऱ्यांतच ठरतो. शेवटच्या पायऱ्या पोत आणि बारीक कडा भरतात.

(दृश्य: दुसरं चित्र. मधला गाळा रुंद. कॅमेरा एका कॉलमजवळ जातो.)

दुसऱ्या फेरीत अंतरं जुळली. पण कॉलम बारीक झालेत, आणि एक तर मध्येच किंचित वाकलाय.

मूळ फोटोत कॉलमची रुंदी 60 पिक्सेल आहे. एआयसाठी फोटो 1024 पिक्सेल रुंदीवर आणला, तेव्हा ती उरली 15. त्यात स्टेबल डिफ्यूजन आतल्या आत चित्र दोन्ही दिशांनी आठपट लहान करून काम करतं. म्हणजे त्या लहान चित्रातली जेमतेम दोन घरं कॉलमच्या वाट्याला आली. दोन घरांत सरळ कड कशी टिकणार?

उपाय म्हणजे तुकडे. प्रत्येक गाळा दोन्ही बाजूंच्या कॉलमसकट वेगळा कापायचा, साधारण 1500 पिक्सेल रुंद. तो 1024 वर आणला, तर कॉलमला 41 पिक्सेल मिळतात, म्हणजे पाच घरं. तुकडा देण्याआधी दुसऱ्या फेरीच्या चित्रावर कॉलमच्या जागी बरोबर रुंदीचा सपाट रंगाचा पट्टा मारायचा, आणि Denoising strength अर्ध्यावर आणायचा. पट्ट्याचा गिलावा होतो, जागा हलत नाही. शेजारचे तुकडे एकमेकांवर थोडे चढवून ठेवले, तर सांधा दिसत नाही.

पट्टा किती रुंद? हा कॉलम प्रत्यक्षात 300 मिलीमीटर आहे, म्हणजे दर्शनी भागावर एक पिक्सेल 5 मिलीमीटरचा. दोन्ही बाजूंना 20 मिलीमीटर गिलावा धरला, तर तयार कॉलम 340 मिलीमीटर, म्हणजे 68 पिक्सेल. गिलाव्याने कॉलम जाड होतो, बारीक कधीच होत नाही. म्हणून चित्रातला कॉलम फोटोतल्यापेक्षा अरुंद दिसला, की ते चित्र चुकलं, बाकी काही बघायची गरज नाही.

(दृश्य: मूळ फोटोवर नवं चित्र अर्धपारदर्शक ठेवलेलं.)

तपासणीला हे पुरतं. दोन थर, वरचा अर्धा पारदर्शक. प्रत्येक कॉलमचा तळ आणि प्रत्येक स्लॅबची खालची कड एकमेकांवर बसते का, ते बघायचं. गिलाव्याचे तीन-चार पिक्सेल सोडून जिथे दुहेरी कड दिसेल, तिथे चित्र सरकलंय. हे खरं दिसायला फोटोही बरा हवा: लांबून, साध्या लेन्सने, फोन उभ्या रेघांना समांतर धरून. अतिरुंद लेन्सने कडेचे कॉलम मुळातच तिरके येतात.

(दृश्य: तिसरं चित्र. पहिल्या मजल्यावर, उजव्या गाळ्यात बाल्कनी.)

तिसऱ्या फेरीत सगळे कॉलम जागेवर बसले. मालक खूश. साइट इंजिनिअरने चित्र हातात घेतलं आणि उजव्या गाळ्यातल्या बाल्कनीवर बोट ठेवलं. “ही कुठून आली? स्लॅब इथे बीमच्या कडेलाच संपलाय.”

कुठल्या रेघेच्या विरुद्ध ती गेली नव्हती, कारण बाहेर झेपावणारा स्लॅब रेघा मोडत नाही, त्यांच्या पुढे येतो. पण अशा बाल्कनीच्या सळया आतल्या स्लॅबमध्ये दूरवर न्याव्या लागतात आणि ते स्लॅब ओततानाच करायचं असतं. गिलाव्याच्या वेळी ती चिकटवता येत नाही.

(दृश्य: बाल्कनीवर मास्क. मग त्या जागी खिडकी.)

तेवढाच भाग मास्क केला, वर्णनात ‘सपाट भिंत, खिडकी’ लिहिलं आणि पुन्हा चालवलं. छज्जासुद्धा ठेवला नाही. लिंटेल अजून ओतायचे आहेत, तेव्हा त्याचं ठरेल.