आठ लाख, त्यातले किती?

मंडळी, गेल्या दिवाळीनंतर धायरीचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. मी बँकेतून निवृत्त झालो, तरी कर्जाचे कागद घेऊन येणारे काही थांबलेले नाहीत. नवरा हिंजवडीत नोकरीला, बायको एका खासगी शाळेत शिकवते, तिचा पगार तीस हजार. गृहकर्ज चाळीस लाख शिल्लक, व्याज साडेआठ टक्के, सतरा वर्षं बाकी, हप्ता सदतीस हजार. एफडीत आठ लाख साठलेले. नवऱ्याने मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "काका, हे आठ लाख भरले तर अठरा लाख व्याज वाचतंय. मग थांबायचं कशाला?"

आकडा बरोबर होता. हप्ता तोच ठेवला तर मुदत जवळजवळ सहा वर्षांनी कमी होते आणि व्याज अठरा लाखांनी. मी त्याला म्हटलं, आता आठऐवजी अडीच लाख टाकून बघ. मुदत सव्वादोन वर्षांच्या आसपास घटली, व्याज सात लाखांनी. त्याचा चेहरा पडला. "म्हणजे साडेपाच लाख हाताशी ठेवायचे तर अकरा लाखांचं नुकसान?"

गफलत होते ती इथेच. ते अकरा लाख सतरा वर्षांत पसरलेले आहेत, आणि तेवढ्या काळात एफडीतले साडेपाच लाखही वाढत असतात, हे तो कॅल्क्युलेटर सांगत नाही. म्हणून हिशोब एका वर्षाचा करायचा. कर्जावर आपण साडेआठ टक्के देतो. एफडीवर सात मिळाले, तर तीस टक्क्यांच्या टप्प्यात कर आणि सेस जाऊन हातात उरतात चार पूर्णांक आठ. फरक तीन पूर्णांक सात टक्क्यांचा. साडेपाच लाखांवर तो वर्षाला वीस हजार होतो, महिन्याला सतराशे. गंगाजळी ठेवण्याची खरी किंमत एवढीच. मेडिक्लेमचा हप्ता आपण कुरकुर न करता भरतो, तसाच हाही धरा.

आता साडेपाच लाखच का? या दोघांचा घरखर्च चोपन्न हजार, त्यात हप्ता मिळवला की एक्क्याण्णव. सहा महिन्यांचे साडेपाच लाख. समजा नवऱ्याची नोकरी गेली. बाईंचे तीस हजार येत राहिले तर महिन्याला एकसष्ट हजार कमी पडतील, म्हणजे ही रक्कम नऊ महिने पुरेल. आठही लाख भरून टाकले असते, तर पहिल्याच महिन्यापासून हात पसरायची वेळ.

इथे लोक मला अडवतात. म्हणतात, आम्ही आठ लाख आगाऊ भरलेत, बँक काही महिने थांबणार नाही का? नाही थांबत. ती रक्कम मुद्दलातून वजा होते, पुढच्या हप्त्यांच्या खात्यात जमा राहत नाही. पुढच्या पाच तारखेला हप्ता ठरल्याप्रमाणे जाणारच, आणि खात्यात पैसे नसले तर हप्ता बाउन्स. नव्वद दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत. माझ्या नोकरीच्या काळात असा एक गृहस्थ टॉप-अप, म्हणजे त्याच गृहकर्जावर वाढीव कर्ज मागायला आला होता. त्याने वर्षापूर्वी स्वतःच मोठी रक्कम भरलेली. मला त्याच्याकडे मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागाव्या लागल्या. त्याच्याकडे कंपनीने दिलेलं कामावरून कमी केल्याचं पत्र होतं. कर्जात घातलेला पैसा परत मिळवायला पगार लागतो, आणि पगार नसतो तेव्हाच तो पैसा हवा असतो.

ओव्हरड्राफ्टची सोय असलेलं गृहकर्ज असेल तर गोष्ट वेगळी. त्यात जादा पैसे ठेवले की व्याज कमी लागतं आणि गरज पडली तर काढताही येतात. बहुतेक ठिकाणी दर थोडा जास्त असतो, तो ऐन रकमेवर किती पडतो ते आधी विचारा.

कराचं थोडक्यात. जुन्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वजावट दोन लाखांपर्यंतच. यांचं व्याज आठ लाख भरले तरी पहिली काही वर्षं दोन लाखांच्या वरच राहत होतं. नव्या पद्धतीत राहत्या घराला ही वजावटच नाही. तेव्हा या जोडप्यापुरता कराचा मुद्दा तूर्त गैरलागू.

शेवटी त्यांनी अडीच लाख भरले. कर्ज फ्लोटिंग दराचं, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे अशा गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व भरण्याचा दंड नाही. मी एकच बजावलं होतं : अर्जात "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी" असं स्पष्ट लिहा. महिन्याने बाई नवीन परतफेडीचा तक्ता घेऊन आल्या. त्यात मुदत दोनशे चार महिनेच, हप्ता मात्र तेवीसशेनं कमी! शाखेने उलटं केलं होतं. अर्जाची शिक्का मारलेली प्रत त्यांनी जपली होती, म्हणून दुसऱ्या फेरीत तक्त्यावर एकशे अठ्ठ्याहत्तर महिने आले.